ओठ एकीकडे, आवाज दुसरीकडे

हौशी नाट्यसंस्थांकडे हल्ली एकांकिकेचे चित्रीकरण करायला वेगळा कॅमेरा लागत नाही. प्रेक्षागृहाच्या मध्यावर तिवई लावायची, तिच्यावर फोन चढवायचा आणि पडदा उघडण्याआधी लाल बटण दाबायचे. प्रयोगानंतर तोच व्हिडिओ फोनवर पाहिला तर सगळे व्यवस्थित असते. मग कोणीतरी तो संगणकावर घेतो, आधीची आणि नंतरची गडबड कापतो, सुरुवातीला नावांची पाटी जोडतो आणि नवी फाइल तयार करतो. आणि मग घोटाळा दिसतो. पहिली दोन-तीन वाक्ये बरोबर येतात, पण पुढे नटाचे ओठ हलण्याआधीच शब्द ऐकू येऊ लागतात. मधल्या प्रवेशात तर एकाच्या तोंडी दुसऱ्याचे संवाद. गंमत म्हणजे शेवटच्या टाळ्या पुन्हा अगदी वेळेवर पडतात.

अशा वेळी संशय पहिल्यांदा फोनच्या माइकवर जातो, मग संगणकाच्या वेगावर. दोघेही निर्दोष असतात. सुरुवात जुळते, शेवट जुळतो आणि मधले काही जुळत नाही, या विचित्र खुणेतच खरे कारण लपलेले आहे. ते समजण्यासाठी फोन चित्र कसे टिपतो आणि आवाज कसा टिपतो, हे वेगवेगळे पाहावे लागते.

आवाज ठरल्या चालीने, चित्र उजेडाच्या चालीने

फोनमध्ये आवाज सहसा सेकंदाला ४८,००० नमुन्यांच्या वेगाने मोजला जातो. हा वेग एका स्फटिकाच्या घड्याळावर चालतो आणि तो बदलत नाही. बदलून चालणारही नाही, कारण मधले थोडेसे नमुने गळले तरी कानाला ते 'टक्' असे लगेच कळते.

चित्राचे तसे नाही. व्हिडिओ म्हणजे एकामागून एक घेतलेली स्थिर चित्रे, म्हणजेच फ्रेम्स. 'सेकंदाला ३० फ्रेम्स' असे सेटिंग असेल, तर प्रत्येक फ्रेमच्या वाट्याला सुमारे ३३ मिलिसेकंद येतात. सेन्सरला उजेड गोळा करायचा असतो तो याच अवधीत. भरपूर प्रकाशात याचा एक छोटा अंशही पुरतो. पण रंगमंचावर रात्रीचा प्रवेश आला, दिवे मंद झाले, की ३३ मिलिसेकंद पूर्ण वापरूनही चित्र काळे पडू लागते.

इथे फोनपुढे दोन वाटा असतात. एक, आहे त्या उजेडाचे संकेत कृत्रिमरीत्या वाढवायचे. त्यात चित्रावर दाणे उमटतात. दुसरी, प्रत्येक फ्रेमला जास्त वेळ द्यायचा. सेकंदाला ३०ऐवजी २४ फ्रेम्स घेतल्या तर एका फ्रेमला जवळजवळ ४२ मिलिसेकंद मिळतात, म्हणजे सव्वापट उजेड. कित्येक फोन न विचारता ही दुसरी वाट धरतात आणि दिवे पुन्हा उजळले की गुपचूप ३०वर परततात. फोन फार तापला किंवा प्रोसेसरवर ताण आला, तरी मधल्या काही फ्रेम्स सुटू शकतात. फ्रेम्सचा वेग असा एकाच व्हिडिओत बदलत राहणे म्हणजेच व्हेरिएबल फ्रेम रेट. उलट, पहिल्या फ्रेमपासून शेवटच्या फ्रेमपर्यंत अंतर तेच राहिले तर तो कॉन्स्टंट फ्रेम रेट.

फोनवर मात्र सगळे जुळते, ते कसे?

वेग असा कमीजास्त होत असताना फोनवर ओठ आणि शब्द जुळतात, कारण फाइलमध्ये फ्रेम्सबरोबर त्यांचे वेळापत्रकही लिहिलेले असते. एमपी४ किंवा एमओव्ही फाइलच्या आत एक तक्ता असतो. कोणती फ्रेम किती काळ पडद्यावर ठेवायची, ते त्यात नोंदवलेले असते.

हा काळ मोजायचे एकक फाइल स्वतः ठरवते. क्विकटाइमच्या परंपरेत सेकंदाचे ६०० भाग करण्याची पद्धत आहे. ६०० हा आकडा सोयीचा, कारण त्याला २४, २५ आणि ३० या तिन्हींनी नि:शेष भाग जातो. अशा फाइलमध्ये उजेडातल्या फ्रेमपुढे २० भाग लिहिलेले असतात आणि अंधारातल्या फ्रेमपुढे २५. व्हिडिओ दाखवणारे ॲप हा तक्ता वाचते, जी फ्रेम जितका वेळ ठेवायची तितका वेळच ठेवते, आणि बाजूने आवाज आपल्या ठरल्या चालीने वाजत राहतो. म्हणून मूळ फाइल बिघडलेली नसते. तिच्यात खरी वेळ नोंदलेली असते.

बिघाड होतो तो ही नोंद कोणी वाचली नाही तर. एडिटिंग सॉफ्टवेअरची टाइमलाइन ही मुळात चित्रपटाच्या रिळाच्या कल्पनेवर बेतलेली आहे. रिळावर फ्रेम्स सारख्या अंतरावर असत. बोलपट सेकंदाला २४ फ्रेम्सने चाले, त्यामुळे २४० फ्रेम्स म्हणजे १० सेकंद, हा हिशेब कधी चुकत नसे. टाइमलाइनही अशीच आखलेल्या चौकटींची असते आणि कात्री दोन चौकटींच्या मधल्या रेघेवरच चालते. फोनची फाइल आत घेताना काही सॉफ्टवेअर तक्त्यातल्या वेळा बाजूला ठेवतात आणि फ्रेम्स नुसत्या ओळीने मांडतात. घड्याळ न पाहता, जपमाळेचे मणी किती ओढले यावरून किती वेळ बसलो ते सांगण्यासारखे हे आहे. जप एका लयीत चालला तर उत्तर बरोबर येते. मध्येच लय मंदावली, की हिशेब चुकतो.

चाळीस मिनिटांच्या एकांकिकेचा हिशेब

चूक नेमकी कशी होते ते एका उदाहरणावर मांडून पाहू. एकांकिका ४० मिनिटांची आहे, म्हणजे २,४०० सेकंदांची. फोन ३० फ्रेम्सवर लावलेला आहे. विसाव्या मिनिटाला दिवे मंद होतात आणि बरोबर एक मिनिट तसेच राहतात. त्या मिनिटात फोन २४ फ्रेम्सवर उतरतो. बाकी सगळा वेळ तो इमानाने ३० फ्रेम्स घेतो.

पूर्ण वेळ ३०चा वेग राहिला असता तर फ्रेम्स ७२,००० झाल्या असत्या. मंद प्रकाशाच्या मिनिटात १,८००ऐवजी १,४४० मिळाल्या, म्हणजे ३६० कमी. फाइलमध्ये एकूण फ्रेम्स ७१,६४०. आवाज मात्र पूर्ण २,४०० सेकंदांचा.

आता समजा, सॉफ्टवेअरने 'ही ३०ची फाइल आहे' असे धरले आणि सगळ्या फ्रेम्स त्याच वेगाने मांडल्या. पहिली वीस मिनिटे काहीच बिघडणार नाही. रात्रीच्या प्रवेशातल्या १,४४० फ्रेम्स मात्र ६० सेकंदांऐवजी ४८ सेकंदांत संपतील. त्या प्रवेशात नट किंचित लगबगीने हलताना दिसतील आणि दिवे पुन्हा लागतील तेव्हा चित्र आवाजाच्या १२ सेकंद पुढे गेलेले असेल. तिथून शेवटपर्यंत हा १२ सेकंदांचा फरक तसाच राहील. चित्र संपल्यावर काळ्या पडद्यावर १२ सेकंद नुसत्या टाळ्या ऐकू येतील.

दुसरे सॉफ्टवेअर थोडे हुशार असते. ते एकूण फ्रेम्सना एकूण सेकंदांनी भागते. ७१,६४० भागिले २,४०० म्हणजे २९.८५. हा झाला सरासरी वेग, आणि या वेगाने फ्रेम्स मांडल्या तर चित्र आणि आवाजाची लांबी तंतोतंत जुळते. टाइमलाइनवर दोन्ही पट्ट्या सारख्या दिसतात आणि संपादक निश्चिंत होतो. फसगत इथेच आहे.

कारण पहिल्या वीस मिनिटांत खरा वेग २९.८५ नव्हता, ३० होता. त्या ३६,००० फ्रेम्स आता किंचित संथ वेगाने दाखवल्या जातात. त्यामुळे दर मिनिटाला चित्र सुमारे ०.३ सेकंद मागे पडत जाते. पाचव्या मिनिटाला दीड सेकंद, दहाव्याला तीन, विसाव्याला सहा. मग रात्रीचा प्रवेश येतो. तिथला खरा वेग २४ होता, पण फ्रेम्स धावतात २९.८५ने. चित्र झपाट्याने पुढे सरकते, प्रवेशाच्या साधारण मध्यावर क्षणभर आवाजाला गाठते आणि प्रवेश संपेपर्यंत जवळजवळ पावणेसहा सेकंद पुढे निघून जाते. उरलेल्या एकोणीस मिनिटांत ते पुन्हा थोडेथोडे मागे येते आणि शेवटच्या फ्रेमला बरोबर शून्यावर पोहोचते. म्हणून पहिले वाक्य जुळते, टाळ्या जुळतात आणि मधले सगळे चुकते.

फाइल तीच, फ्रेम्सही त्याच. एका सॉफ्टवेअरमध्ये चूक पायरीसारखी येते, दुसऱ्यात ती चढते, कोसळते आणि पुन्हा वर येते. हे ध्यानात आले की काही घरगुती उपाय का फसतात तेही कळते. आवाजाची पट्टी थोडी सरकवली तर एकच जागा जुळते, बाकीच्या बिघडतात. आवाज ताणून लांब केला तरी उपयोग नाही, कारण चूक सरळ रेषेत वाढलेलीच नाही.

डोळ्यांना किती चूक खपते?

सहा सेकंद कोणालाही कळतील, पण चूक जाणवायला लागते ती फार आधी. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने १९९८ साली दूरचित्रवाणी प्रसारणासाठी याच्या मर्यादा सांगितल्या. आवाज चित्राच्या सुमारे ४५ मिलिसेकंद आधी आला तर प्रेक्षकाला ते कळू लागते. आवाज मागे पडला तर मात्र सुमारे १२५ मिलिसेकंदांपर्यंत लक्षात येत नाही.

हा भेदभाव विनाकारण नाही. आवाज हवेतून सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. प्रेक्षागृहात रंगमंचापासून ३४ मीटरवर बसलेल्याला शब्द ओठांच्या एक दशांश सेकंद उशिराच ऐकू येतो. उशिरा येणाऱ्या आवाजाची सवय आपल्याला जन्मापासून आहे. ओठांच्या आधी येणारा शब्द मात्र निसर्गात कुठेच भेटत नाही, म्हणून तो लगेच खटकतो. आपल्या उदाहरणात सरासरी वेग धरणाऱ्या सॉफ्टवेअरने चित्र मागे पाडले, म्हणजे आवाज पुढे आला. दर मिनिटाला ०.३ सेकंद या हिशेबाने ४५ मिलिसेकंदांची मर्यादा पहिल्या नऊ-दहा सेकंदांतच ओलांडली जाते.

रोग कोणता, ते आधी ओळखावे

आवाज पुढेमागे होण्याला दरवेळी व्हेरिएबल फ्रेम रेटच कारणीभूत असतो असे नाही. निदानासाठी चूक कशी वाढते ते पाहावे. व्हिडिओत ओठ किंवा आघात स्पष्ट दिसतो अशा तीन जागा शोधाव्यात: एक सुरुवातीला, एक मध्यावर, एक शेवटी. टेबलावर ठेवलेला पेला, दाराची कडी, टाळी, काहीही चालेल. तिन्ही ठिकाणी किती फरक आहे ते मोजून लिहावे.

तिन्हीकडे फरक सारखाच असेल तर वेग बदललेला नाही. कुठेतरी सुरुवातच चुकीची जुळली आहे, आणि आवाजाची पट्टी एकदा सरकवली की काम होते. फरक सुरुवातीला शून्य, मध्यावर थोडा आणि शेवटी त्याच्या दुप्पट असेल, तर दोन घड्याळांच्या चालीत तफावत आहे. आवाज वेगळ्या रेकॉर्डरवर घेतला की हे होते. प्रत्येक यंत्राचा स्फटिक आपापल्या गतीने चालतो. दोन यंत्रांत दहा लाखांत २० भागांचा फरक असला तरी तासाला ७२ मिलिसेकंद साचतात. असा आवाज किंचित ताणून किंवा आखडून जुळवता येतो. पण फरक पायरीने वाढत असेल, किंवा मध्ये वाढून शेवटी नाहीसा होत असेल, तर व्हेरिएबल फ्रेम रेटवर संशय घ्यावा.

संशयाची खात्री मीडियाइन्फो या मोफत सॉफ्टवेअरमध्ये करता येते. मूळ फाइल त्यात उघडली की `Frame rate mode` या ओळीपुढे `Variable` किंवा `Constant` लिहिलेले दिसते. मात्र नुसते `Variable` दिसले म्हणून घाबरू नये. फोनच्या फ्रेम्स एकमेकींपासून अगदी समान अंतरावर क्वचितच पडतात. एखादी ३३ मिलिसेकंदांनी येते, एखादी ३४नी. एवढ्या थरथरीने काही बिघडत नाही, कारण ती दोन्ही बाजूंनी होते आणि आपसांत मिटून जाते. खरी गोष्ट `Frame rate` या ओळीत कळते. तिथे सरासरी असते. ती ३०च्या अगदी जवळ, म्हणजे २९.९९ किंवा ३०.०१ असेल, तर फारशी चिंता नाही. आपल्या उदाहरणासारखी ती २९.८५ दिसली, तर मध्ये कुठेतरी बऱ्याच फ्रेम्स कमी पडल्या आहेत. `Minimum frame rate` ही ओळ मात्र फसवी असते. अर्ध्या तासात एकदाच एखादी फ्रेम अडखळली तरी तिथे भयंकर छोटा आकडा दिसतो.

उपाय कात्रीच्या आधी

आजच्या काही एडिटिंग सॉफ्टवेअरना तक्त्यातल्या वेळा वाचता येतात. आपले सॉफ्टवेअर त्यांपैकी आहे का याची खात्री नसेल, तर फाइल आधीच समान अंतराची करून घेणे उत्तम. या कामाला तक्ता वाचणारे साधन लागते. ते प्रत्येक फ्रेमची खरी वेळ पाहते आणि सेकंदाच्या तीस चौकटी भरत जाते. एखाद्या चौकटीसाठी नवी फ्रेम नसेल तर आधीचीच पुन्हा ठेवते. आपल्या उदाहरणातल्या मंद मिनिटात दर चार फ्रेम्सनंतर एक फ्रेम दोनदा येईल, म्हणजे हरवलेल्या ३६० जागा भरल्या जातील. चित्र आता ७२,००० फ्रेम्सचे होते आणि प्रत्येक प्रसंग आपल्या जागी बसतो.

हँडब्रेक या मोफत सॉफ्टवेअरमध्ये यासाठी `Video` या पानावर `Framerate` समोर `30` निवडून खाली `Constant Framerate` वर टिचकी मारावी. तिथे `Peak Framerate` असाही पर्याय असतो आणि कित्येक तयार सेटिंगमध्ये तोच आधीपासून निवडलेला असतो. तो ३० ही फक्त वरची मर्यादा मानतो, त्याच्या खाली वेग बदलता ठेवतो. पुष्कळांची फाइल रूपांतर करूनही तशीच राहते ती या एका टिचकीमुळे. ज्यांना आज्ञा टंकून काम करायला आवडते, त्यांच्यासाठी एफएफएमपेगमध्ये हेच काम एका ओळीत होते:

```
ffmpeg -i natak.mp4 -fps_mode cfr -r 30 -c:v libx264 -crf 18 -c:a copy natak-30.mp4
```

यात `-fps_mode cfr` म्हणजे वेळा पाहून समान अंतर करा, आणि `-c:a copy` म्हणजे आवाजाला हात लावू नका. आवाज मुळात बरोबरच होता. `-crf 18` मुळे चित्राचा दर्जा जवळजवळ तसाच राहतो, पण त्या बदल्यात फाइल मोठी होऊ शकते.

या उपायाची एक मर्यादा आहे. टिपल्याच न गेलेल्या फ्रेम्स कोणीही परत आणू शकत नाही. मंद प्रवेशात कोणी रंगमंच ओलांडून झपाझप चालत गेले, तर दोनदा आलेल्या फ्रेम्समुळे चालीत किंचित हिसके दिसतील. आवाज जुळेल, हालचाल तेवढी गुळगुळीत होणार नाही.

तीही हवी असेल तर इलाज चित्रीकरणाच्या वेळी करावा. आयफोनच्या व्हिडिओ सेटिंगमध्ये `Auto FPS` नावाचा पर्याय असतो, तो बंद करावा. इतर फोनवर फ्रेम रेट आणि शटर स्वतः ठरवू देणारे कॅमेरा ॲप वापरता येते. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची असल्यामुळे काही दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. म्हणून शटर पन्नासांश किंवा शतांश सेकंदावर ठेवावे, नाहीतर चित्रावर पट्टे सरकताना दिसतात. वेग असा बांधून टाकला की मंद प्रवेशात चित्र थोडे काळे आणि दाणेदार येईल. रात्रीच्या प्रवेशात ते एरवी खटकतही नाही.

आणि मूळ फाइल पुसण्याची घाई करू नये. वेळांचा खरा तक्ता फक्त तिच्यातच असतो. एकदा चुकीच्या वेगाने मांडून नवी फाइल तयार झाली की तिच्या तक्त्यात सगळ्या फ्रेम्स सारख्याच अंतरावर लिहिल्या जातात आणि कुठे किती वेळ गळला, याची नोंद उरत नाही. तेव्हा एडिटिंग संपल्यावर तीच तीन ठिकाणे, सुरुवात, मध्य आणि शेवट, पुन्हा पाहावीत. मधली जुळली, विशेषतः रात्रीच्या प्रवेशानंतरचे पहिले वाक्य जुळले, तरच फोनवरची जागा मोकळी करावी.